मुलाखत झाली, निकाल अडकला: सातपूरच्या एका जागेसाठी केलेल्या पाठपुराव्याचं प्रकरण

उमेदवार सत्तावीस वर्षांचा. मेकॅनिकल डिप्लोमा, मग नोकरी सांभाळून पदवी, आणि नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मशिनिंगच्या कंपनीत चार वर्षं क्वालिटी इंजिनिअर. मार्च 2025 मध्ये त्याने सातपूरच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत सीनियर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत दिली. बुधवार, 12 मार्च. सकाळी क्वालिटी मॅनेजरबरोबर तांत्रिक फेरी, दुपारी प्लांट हेडबरोबर दुसरी. निघताना एचआरमध्ये भरती बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आठवडाभरात कळवतो." आठवडा उलटला, पण ना फोन आला ना मेल.

तेवढ्यात सिन्नरच्या एका कंपनीकडून त्याला ऑफर लेटर आलं. वर्षाला सहा लाख, आणि होकार कळवायची मुदत शुक्रवार, 28 मार्च. त्याचा जीव सातपूरमध्ये अडकलेला. घर अशोकनगरला, म्हणजे कंपनी हाकेच्या अंतरावर, आणि काम थेट ग्राहक कंपन्यांच्या तक्रारी हाताळण्याचं, जे त्याला अंबडला कधी मिळालं नव्हतं. सातपूरचं काहीच कळत नसताना सिन्नरला काय सांगायचं, हा त्याचा पेच होता.

माझी नोकरी नाशिकच्या औद्योगिक वसाहतींमधल्या एचआर विभागांतच झाली. मुलगा ओळखीतला, त्यामुळे मेल पाठवण्याआधी त्याने तो मला दाखवला. सातपूरच्या मॅडमही माहितीतल्या. सगळं संपल्यावर त्यांच्या टेबलावर त्या दिवसांत काय चाललं होतं, ते त्यांच्याकडून कळलं. दोघांच्या संमतीने हे लिहितो आहे. नावं आणि कंपन्या गाळल्या आहेत. मेल इंग्रजीत होते, इथे त्यांचा मजकूर मराठीत देतो.

"आठवडाभरात" कधी संपतं

मुलाच्या हिशेबाने बुधवारी 19 तारखेला आठवडा भरला होता, आणि गुरुवारी सकाळीच मेल टाकायची त्याची तयारी होती. मी त्याला कॅलेंडर बघायला लावलं. मुलाखतीनंतर दोनच दिवसांनी, शुक्रवारी 14 तारखेला धुळवड. मग शनिवार-रविवार. 19 तारखेला रंगपंचमी, आणि नाशकात खरा रंग त्याच दिवशी असतो. तिवंधा, शनी चौकातल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडतात, आणि दुपारनंतर अर्धं ऑफिस कामावर नसतं. म्हणजे त्या आठवड्यात एचआरच्या हाती कामाचे धड दिवस आले ते तीन-चारच. शिवाय "आठवडाभरात" म्हणणाऱ्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा "पुढच्या आठवड्यात कधीतरी" एवढंच असतं, कारण निर्णय त्याच्या हातात नसतो.

माझं सांगणं असतं की दिलेली मुदत संपल्यावर कामाचे दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत आणि मग लिहावं. मुदत सांगितलीच नसेल तर मुलाखतीनंतर कामाचे आठ-दहा दिवस. इथे ती वेळ सोमवारी, 24 तारखेला येत होती. सिन्नरचं लेटर शनिवारी, 22 तारखेला हाती पडलं होतं, त्यामुळे सोमवारी लिहायला ठोस कारणही होतं.

पहिला मसुदा

रविवारी रात्री त्याने लिहून आणलेला मेल असा होता:

"विषय: मुलाखतीच्या निकालाबाबत
आदरणीय मॅडम, मी 12 तारखेला आपल्या कंपनीत मुलाखत दिली होती. मुलाखत खूप चांगली झाली होती. आपण एका आठवड्यात कळवतो म्हणाला होतात, परंतु अजून काहीच कळलेलं नाही. मला या नोकरीची खूप गरज आहे. मी कुठे कमी पडलो का? कृपया लवकरात लवकर निकाल कळवावा. माझ्याकडे दुसरी ऑफरही आहे."

यात खोटं किंवा उद्धट काही नाही. तरी हा मेल वाचून मॅडमना करता येण्यासारखं काहीच नव्हतं. का, ते समजायला त्या दिवशी त्याची फाइल कुठे होती ते बघावं लागेल.

मुलाखत घेणारे दोघं आपापलं मूल्यांकन पत्रक भरतात. ते एचआरकडे आलं की पगाराची आखणी होते: उमेदवाराचा आजचा पगार, त्याची अपेक्षा, आणि त्याच विभागात त्याच ग्रेडवर आधीपासून असलेल्यांचे पगार शेजारी मांडून आकडा ठरतो. नव्या माणसाला जुन्यापेक्षा फार जास्त दिलं तर विभागात कुरबुर सुरू होते, म्हणून हे काम दिसतं त्याहून नाजूक असतं. मग मंजुरीची नोट प्लांट हेड, एचआर हेड आणि गरज असेल तर मुख्य कार्यालयापर्यंत जाते. ती सही होऊन आली की ऑफर निघते. मार्चमध्ये यात आणखी एक गाठ पडते. जागा त्या आर्थिक वर्षाच्या मंजूर मनुष्यबळात असते, आणि 31 मार्चच्या आत ऑफर निघाली नाही तर पुष्कळ कंपन्यांत तीच जागा नव्या वर्षाच्या बजेटमध्ये पुन्हा मांडावी लागते. त्यामुळे कुठे घाई होते, तर कुठे सगळंच एप्रिलवर ढकललं जातं.

या साखळीत भरती बघणाऱ्या माणसाकडे निकाल नसतो. असते ती फाइल कुठे अडली आहे याची माहिती, आणि अडलेल्या जागी धक्का देण्याची थोडी ताकद. "निकाल कळवा" असा मेल आला की त्या माणसाला लिहिता येतं एवढंच: "प्रक्रिया चालू आहे." मेल बाजूला पडतो. उमेदवाराला वाटतं आपल्याला टाळलं.

मसुद्यातली बाकीची वाक्यंही तपासली. विषयाच्या ओळीत ना जागेचं नाव ना स्वतःचं. मॅडम एकाच वेळी बऱ्याच जागा बघत होत्या. "12 तारखेला मुलाखत दिली" एवढ्यावरून हा कोण, हे त्यांना शोधून काढावं लागलं असतं. "मी कुठे कमी पडलो का?" या प्रश्नाने उमेदवाराने स्वतःच नकार गृहीत धरला, आणि निर्णय व्हायच्या आधी अशा प्रश्नाचं उत्तर कुठलीही कंपनी लेखी देत नाही. "नोकरीची खूप गरज आहे" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. पगाराची आखणी चालू असताना ते कागदावर जाणं म्हणजे आकडा खाली ओढायला स्वतःच दोरी देणं. आणि शेवटची ऑफरची ओळ. कधीची, किती दिवसांची, काहीच नाही. तारखेशिवाय लिहिलेली ऑफर धमकीसारखी वाचली जाते, आणि वाचणाऱ्याला त्यावर हालचालही करता येत नाही.

पाठवलेला मेल

मी त्याला एकच गोष्ट धरून ठेवायला सांगितली. हा मेल मॅडम वाचतील, आणि त्यांना काही करायचं असेल तर त्या तो जसाच्या तसा प्लांट हेडकडे पुढे पाठवतील. म्हणून तो असा हवा की पुढे पाठवताना वर एक ओळ लिहिली की काम भागावं, आणि खालचं काही लपवावं किंवा समजावून सांगावं लागू नये. "आठवड्यात कळवतो म्हणाला होतात" हे वाक्य याच कसोटीवर गेलं. ते वर पोहोचलं असतं तर मॅडमवरच ठपका आला असता, आणि मग त्यांनी मेल पुढे पाठवलाच नसता.

नवा मेल न लिहिता, मुलाखतीला बोलावणारा जो मेल मॅडमकडून आला होता त्यालाच उत्तर द्यायचं ठरलं. विषयाची ओळ तशीच ठेवली. जीमेलमध्ये विषय बदलला की संभाषण तुटून नवं सुरू होतं, आणि जुन्या धाग्याचा फायदा जातो. तो धागा शाबूत असला की जागेचं नाव, मुलाखतीची वेळ आणि आधीचा सगळा पत्रव्यवहार उघडणाऱ्याला एकाच ठिकाणी दिसतो. सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला हे गेलं:

"नमस्कार मॅडम,

सीनियर क्वालिटी इंजिनिअर या जागेसाठी 12 मार्चला माझी क्वालिटी मॅनेजर सर आणि प्लांट हेड सर यांच्याबरोबर मुलाखत झाली. या जागेत मला आजही पूर्ण रस आहे.

मला दुसऱ्या एका कंपनीचं ऑफर लेटर मिळालं आहे आणि शुक्रवार, 28 मार्चपर्यंत त्यांना उत्तर द्यायचं आहे. त्याआधी आपल्याकडची स्थिती समजून घ्यावी म्हणून लिहितो आहे.

अंतिम निर्णय झालेला नसला तरी माझं नाव अजून विचारात आहे का, आणि 28 तारखेच्या आत निर्णय होण्यासारखा आहे का, एवढं बुधवारपर्यंत कळवू शकाल का?

माझा नोटीस पीरियड 60 दिवसांचा आहे. पगाराच्या स्लिप किंवा इतर कागदपत्रं हवी असतील तर लगेच पाठवतो.

आपला,"

खाली पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर.

यातला तिसरा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा. त्यातले दोन्ही प्रश्न असे आहेत की निकाल हातात नसतानाही मॅडम उत्तर देऊ शकतात. शुक्रवारची मुदत असताना उत्तर बुधवारपर्यंत मागितलं, कारण शुक्रवारी संध्याकाळी कळलं असतं तर त्याचा उपयोग शून्य होता. शेवटच्या परिच्छेदातली नोटीस पीरियडची ओळ प्लांट हेडसाठी. आज होकार दिला तरी माणूस मेअखेरीस मिळणार, हा हिशेब त्यांच्या डोळ्यांसमोर यायला हवा होता.

पाठवण्याआधी त्याने विचारलं, "काका, दुसऱ्या कंपनीचं नाव टाकू? सहा लाखांचा आकडा टाकला तर दबाव येईल ना?" मी दोन्ही नको म्हणालो. नावाची कुणाला गरज नव्हती. आकडा आत्ता सांगितला असता तर सातपूरची आखणी त्या आकड्याभोवतीच फिरली असती, कदाचित त्यांच्या मनात जास्त असतानाही. विचारलं तर खरं सांगायचं, आपणहून पुढे करायचं नाही.

क्वालिटी मॅनेजरनी गेजच्या अभ्यासाबद्दल विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर अर्धवट राहिलं होतं, तेही त्याला मेलमध्ये पूर्ण करायचं होतं. त्याची जागा मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी पाठवायच्या आभाराच्या मेलमध्ये असते, दोन ओळींत. बारा दिवसांनी, स्थिती विचारताना ते घातलं की खरा प्रश्न खाली दबतो. ते काढलं.

हातात ऑफर नसतीच तर? तर दुसरा परिच्छेद पूर्ण गाळायचा आणि "निर्णय साधारण कधीपर्यंत अपेक्षित आहे" एवढंच विचारायचं. त्याला जोर कमी असतो, हे मान्य. पण नसलेली ऑफर लिहू नये. एचआर लेटरची प्रत सहज मागते, आणि सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथली एचआरची माणसं एकमेकांना ओळखतात. एका फोनमध्ये खरं-खोटं कळतं, आणि मग नुकसान त्या एका जागेवर थांबत नाही.

"आपली उमेदवारी प्रक्रियेत आहे"

मंगळवारी दुपारी उत्तर आलं, दोन ओळींचं. आपली उमेदवारी प्रक्रियेत आहे, लवकरच कळवू. मुलगा खचला. मेल वाया गेला असं त्याला वाटलं, आणि लगेच दुसरा लिहायला बसला.

मी त्याला थांबवलं, कारण मला उत्तरात काय आहे यापेक्षा काय नाही ते महत्त्वाचं वाटलं. एखाद्याची ऑफर निघायची असते तेव्हा त्याच्याकडे काहीतरी मागितलं जातं: शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, सध्याचं नेमणूकपत्र, नोटीस कमी होईल का याची चौकशी. आखणी त्याशिवाय होतच नाही. इथे त्याने आपणहून देऊ केलेली कागदपत्रंही मागितली गेली नव्हती. म्हणजे त्या घडीला त्याच्या नावाने ऑफरचं काम चालू नव्हतं. पण नकारही नव्हता. नकार ठरलेला असता तर 28 तारखेची मुदत कळल्यावर बहुतेक एचआर तो देऊन मोकळं होतात. मागणीही नाही आणि नकारही नाही, अशा अवस्थेत उमेदवार अनेकदा दुसऱ्या क्रमांकावर असतो. पहिल्याला ऑफर गेलेली असते आणि त्याच्या होकाराची वाट बघितली जात असते. साठ-नव्वद दिवसांच्या नोटीसमुळे पहिला माणूस मध्येच गळण्याची भीती कंपनीला असते, म्हणून दुसऱ्याला कुणी सोडत नाही आणि काही सांगतही नाही.

ही गोष्ट कुणी मेलमध्ये लिहून देणार नाही. म्हणून दुसरा मेल करण्यात अर्थ नव्हता. बुधवारी, 26 तारखेला साडेअकराला फोन करायचं ठरलं. सकाळच्या मीटिंगा तोवर उरकलेल्या असतात आणि जेवणाची सुट्टी व्हायला वेळ असतो. व्हॉट्सअॅपवर मेसेज नको, कारण मॅडमनी त्या नंबरवरून त्याच्याशी कधी कामाचं बोलणं केलं नव्हतं.

फोन दोन मिनिटांत संपला. त्याने नाव आणि जागा सांगितली, बोलायला वेळ आहे का विचारलं, आणि म्हणाला, "मॅडम, मला शुक्रवारी तिकडे उत्तर द्यायचं आहे. तुमच्याकडून होकार मागत नाही. फक्त तोपर्यंत काही ठरेल का, एवढं सांगितलंत तर मला निर्णय घेता येईल."

मॅडम थोडं थांबून म्हणाल्या, "हे मी तुम्हाला मेलवर लिहू शकत नाही. तुमचं नाव चांगल्यात आहे. पण आधी एकांना ऑफर गेली आहे, त्यांचं उत्तर आलेलं नाही. शुक्रवारपर्यंत मी तुम्हाला शब्द देऊ शकत नाही. तुम्ही तुमचं बघा."

मॅडमकडून मागाहून कळलं ते असं. सोमवारचा मेल त्यांनी तासाभरात प्लांट हेडकडे पाठवला होता, वर एकच ओळ लिहून: "याची मुदत शुक्रवारी आहे, काय सांगू?" मंगळवारी संध्याकाळी प्लांट हेडचं तोंडी उत्तर आलं की पहिल्या उमेदवाराचं कळेपर्यंत ऑफर देता येणार नाही, पण मुलाला विनाकारण अडकवू नका. मंगळवारचा मेल त्याआधीच गेला होता. म्हणजे बुधवारी फोन आला तेव्हा स्पष्ट बोलायची मोकळीक त्यांना मिळालेली होती. ती त्या सोमवारच्या मेलमुळे मिळाली, असं त्या स्वतः म्हणाल्या.

पुढे काय केलं

सिन्नरकडून मुदत वाढवून घ्यावी का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. एखाद्या कंपनीचा निर्णय ठरावीक दिवशी होणार आहे हे माहीत असेल तर मुदत जरूर मागावी. दोन-तीन दिवस बहुतेक ठिकाणी मिळतात. इथे सगळं एका तिसऱ्या माणसाच्या होकारावर होतं, आणि तो कधी उत्तर देईल हे कंपनीलाही माहीत नव्हतं. त्यात रविवारी पाडवा, सोमवारी 31 तारखेला ईद आणि वर्षअखेर. शुक्रवारची मुदत मंगळवारपर्यंत ढकलून हाती नवं काही येणार नव्हतं, आणि सिन्नरवाल्यांना मात्र हा माणूस दोन दगडांवर पाय ठेवून आहे हे कळलं असतं. त्याने गुरुवारी सिन्नरला लेखी होकार दिला, त्यांची पोच मेलवर आल्यावर शुक्रवारी अंबडला राजीनामा दिला. साठ दिवस धरून शेवटचा दिवस 27 मे.

त्याच शुक्रवारी त्याने सातपूरला, पुन्हा त्याच धाग्यावर, शेवटचा मेल केला: "नमस्कार मॅडम, बुधवारी स्पष्ट सांगितल्याबद्दल आभारी आहे. मी दुसरी ऑफर स्वीकारली आहे, म्हणून या जागेसाठी माझं नाव कृपया मागे घ्यावं. क्वालिटी मॅनेजर सर आणि प्लांट हेड सरांनाही माझे आभार कळवावेत."

हा मेल बहुतेक जण करत नाहीत. तो गेला नसता तर मॅडमच्या यादीत त्याचं नाव दुसऱ्या क्रमांकावर तसंच राहिलं असतं, आणि पहिला गळला असता तर त्यांनी याच्या भरवशावर वेळ घालवला असता. मेल मिळाल्यावर त्यांनी तिसऱ्या उमेदवाराला चाचपायला सुरुवात केली. त्याची गरज पडली नाही. पहिल्याचा होकार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला आणि नोटीस संपवून तो सातपूरला रुजू झाला. आमचा मुलगा मेअखेरीस सिन्नरला लागला. सातपूरच्या मॅडमनी त्याच्या बायोडेटावर "पुढच्या जागेसाठी आधी विचारावं" असं लिहून ठेवलं आहे.